शुक्रवारचा मेसेज, बुधवारची मुदत

आमच्या आळीतल्या मावशींच्या साध्या बटणांच्या फोनवर एका शुक्रवारी संध्याकाळी पाच अठ्ठेचाळीस ते पाच बावन्न या चार मिनिटांत तीन मेसेज आले. इंग्रजीत होते, म्हणून मावशींनी ते रिचार्जचे समजून तसेच ठेवले. रविवारी दुपारी पुण्याहून भाचा आला, त्यानं सहज फोन हातात घेतला आणि त्याचा घास हातातच राहिला. बचत खात्यातून आधार वापरून, अंगठ्यावर, आधी दहा हजार, मग पुन्हा दहा हजार आणि शेवटी साडेसात हजार काढले गेले होते. खात्यात चारशे बारा रुपये उरले होते. मावशींनी ना कुणाला ओटीपी सांगितला होता, ना कुठल्या लिंकवर बोट ठेवलं होतं. त्यांच्या फोनवर लिंक उघडतच नाही.

भाचा संध्याकाळी माझ्याकडे आला. मी बँकेतून निवृत्त झालोय, पण अशा वेळी लोकांना ते आठवतं. त्याचा पहिला प्रश्न होता, "काका, दोन दिवस गेले, आता काही होणार नाही ना?" तो काही उशीर करणारा मुलगा नव्हता. त्याला फक्त हे ठाऊक नव्हतं की अशा प्रकरणात दोन वेगवेगळी घड्याळं चालतात. त्यातलं एक जवळजवळ संपत आलं होतं, दुसरं अजून सुरूसुद्धा झालं नव्हतं.

पहिलं घड्याळ पैशाचं. चोरलेली रक्कम सहसा भाड्यानं घेतलेल्या कुणाच्या तरी खात्यात जाते, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात, आणि मग एटीएममधून रोख होऊन बाहेर. हे काही मिनिटांत, फार तर काही तासांत उरकतं. १९३० हा क्रमांक या घड्याळासाठी आहे. तिथला माणूस तुमच्याकडून बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक घेतो आणि रक्कम जिथं गेली त्या बँकेकडे निरोप जातो. पैसे तिथं असतील तर ते रोखले जातात. पुढं गेले असतील तर निरोपही पुढच्या बँकेकडे जातो. म्हणून इथं खरी धावपळ मिनिटांची असते. फोन केल्यावर पोचक्रमांक मिळतो, तो घेऊन चोवीस तासांच्या आत cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण भरायची. निव्वळ फोन करून थांबू नका. मावशींच्या बाबतीत चोरानं रोखच काढली होती, त्यामुळे या बाजूनं हाती काही लागण्याची आशा कमीच होती. तरीही फोन केला, कारण तो पोचक्रमांक पुढं कागदावर कामाला येतो.

दुसरं घड्याळ हक्काचं, आणि ते कामकाजाच्या दिवसांवर चालतं. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी बँकांसाठी आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठी परिपत्रकं काढून, ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात नुकसान कुणी किती सोसायचं ते ठरवून दिलं. चूक बँकेची असेल, म्हणजे तिच्या माणसाची किंवा यंत्रणेची, तर ग्राहकानं एक पैसाही सोसायचा नाही, आणि त्यानं कळवलं की नाही याला तिथं महत्त्व नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कुठंतरी छिद्र पडलेलं असेल, तर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं की ग्राहकाची जबाबदारी शून्य. मावशींचा अंगठा कुणी तरी कुठल्या तरी कागदावरून उचलला असावा. दस्तनोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून रबराचे अंगठे बनवल्याचे प्रकार देशात उघडकीला आलेले आहेत. म्हणजे प्रकरण या दुसऱ्या घरातलं.

आता मोजणी. मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. तुमच्या मूळ शाखेच्या कामकाजाच्या दिवसांनुसार मोजायचं. मावशींचा शुक्रवार वगळला, दुसरा दिवस महिन्याचा दुसरा शनिवार, शाखा बंद, मग रविवार. म्हणजे सोमवार पहिला दिवस, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा. बुधवारपर्यंत जबाबदारी शून्य. भाच्याच्या चेहऱ्यावर रंग आला, पण मी त्याला बुधवारची वाट बघू दिली नाही. बँकेचा टोल फ्री क्रमांक चोवीस तास चालू ठेवणं बँकेवर बंधनकारक आहे. त्याच रविवारी सात वाजता पासबुकवर छापलेला क्रमांक लावला, तक्रार दिली, खातं गोठवायला सांगितलं आणि तक्रार क्रमांक वेळेसकट वहीत लिहून घेतला. क्रमांक पासबुकवरून किंवा कार्डाच्या मागून घ्या हे मुद्दाम सांगतो. मोबाइलवर 'कस्टमर केअर' शोधून लावलेला फोन दुसऱ्याच चोराकडे गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

बुधवार चुकला असता तर काय झालं असतं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण इथं बहुतेकांची फसगत होते. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर नियम ग्राहकाच्या तोट्याला कमाल मर्यादा घालतो. साध्या बचत खात्याला ती दहा हजार, जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला पाच हजार, आणि मोठ्या चालू खात्यांना वा पाच लाखांवरच्या मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला पंचवीस हजार. ऐकायला बरं वाटतं, "फार तर दहा हजार जातील". पण ही मर्यादा एका प्रकरणाला नाही, प्रत्येक व्यवहाराला आहे, आणि व्यवहाराची रक्कम किंवा मर्यादा यांतलं जे कमी ते ग्राहकाचं. आता मावशींचे आकडे घाला. दहा हजारांचा व्यवहार, मर्यादा दहा हजार, म्हणजे अख्खे दहा मावशींचे. दुसराही तसाच. तिसरा साडेसात हजारांचा, तोही पूर्ण त्यांचाच. बेरीज सत्तावीस हजार पाचशे. बुधवारी रात्री शून्य आणि गुरुवारी सकाळी सगळंच! खातं जनधनचं असतं तर तिन्ही मिळून पंधरा हजार मावशींचे आणि साडेबारा हजार बँकेचे झाले असते. आधारवर एका वेळी निघणारी रक्कम दहा हजारांपर्यंतच असते, त्यामुळे अंगठ्याच्या चोरीत साध्या बचत खात्याला ही मर्यादा कसलंच संरक्षण देत नाही. सातव्या दिवसानंतर तर नियम गप्प बसतो आणि बँकेचं स्वतःचं धोरण काय म्हणतं त्यावर सगळं जातं. मावशींचा सातवा दिवस पुढचा सोमवार होता.

चूक ग्राहकाची असेल तर हिशोब वेगळा. आमच्याच गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींना फोन आला, "बिल भरलं गेलं नाही, रात्री साडेनऊला वीज तोडणार." त्यांनी सांगितल्याप्रमाणे ॲप उतरवून घेतलं, ज्यातून पलीकडच्याला यांच्या फोनचा पडदा दिसत होता. सात दहाला एकोणपन्नास हजार गेले, सात सोळाला आणखी एकोणपन्नास. सात पंचविसाला त्यांना उमगलं आणि बँकेला फोन केला. सात बावन्नला अजून पंचवीस हजार गेले. ओटीपी किंवा पिन स्वतः दिलेला असेल तर कळवण्याआधीचं सगळं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. गुरुजींचे अठ्ठ्याण्णव हजार त्यांच्या पदरी आले आणि पंचवीस हजार बँकेनं भरले. ती पंचवीस हजारांची रेघ एका फोनच्या वेळेवर ओढली गेली. गुरुजींनी लाजेनं तासभर थांबायचं ठरवलं असतं तर ते पंचवीस हजारही त्यांच्याच खाती पडले असते. लाज ही या धंद्यातली चोरांची मोठी भागीदार आहे. मुलाला काय सांगू, सुनेला काय वाटेल, या विचारात लोक रात्र काढतात.

पण "तुम्हीच ओटीपी दिला असेल" असं बँकेनं म्हटलं म्हणून प्रकरण संपत नाही. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचं ओझं त्याच परिपत्रकानं बँकेवर टाकलं आहे. मुंबई उच्च न्यायालयात जून २०२४ मध्ये एका कंपनीचं प्रकरण आलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिच्या खात्यातून शहात्तर लाखांहून अधिक रक्कम गेली होती, नवे लाभार्थी जोडले गेल्याचा ओटीपीसुद्धा तिला आला नव्हता. बँकेला ग्राहकाचा हलगर्जीपणा दाखवता आला नाही आणि न्यायालयानं रक्कम परत करायला सांगितलं. आसामातल्या एका ग्राहकाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ऑनलाइन घेतलेला कपडा परत करताना भामट्यानं त्याला ॲप उतरवायला लावलं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चौऱ्याण्णव हजारांवर रक्कम गेली. ओटीपी आणि पिन ग्राहकानंच दिला असं बँकेचं म्हणणं, आपण तो दिलाच नाही असं ग्राहकाचं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बँकेची याचिका फेटाळली. त्या ग्राहकानं चोवीस तासांच्या आत तक्रार दिली होती, ही गोष्ट निकालात त्याच्या बाजूनं उभी राहिली. ग्राहकांनी सावध राहावं, ओटीपी कुणाला देऊ नये, हेही न्यायालयानं त्याच वेळी सुनावलं. म्हणून हा निकाल वाचून ढिलाई करू नका, आणि बँकेचा पहिला नकार ऐकून हातही टेकू नका.

सोमवारी मावशी, भाचा आणि मी शाखेत गेलो. खिडकीवरच्या मुलानं पहिलंच वाक्य टाकलं, "आधी पोलिसांत जा, एफआयआर आणा, मग अर्ज घेतो." मी ओळखपाळख न सांगता त्याला शांतपणे विचारलं, "बाळा, तीन दिवसांच्या मोजणीत एफआयआरची अट कुठं लिहिली आहे ते दाखव." पोलिसांत तक्रार करायचीच, ती वेगळी गोष्ट. पण ती आणेपर्यंत बुधवार निघून जातो. तोंडी सांगून कुणीही परत येऊ नये, कारण तोंडी बोलण्याला वेळेचा शिक्का नसतो. अर्ज मी एवढाच लिहून दिला होता:

"माझ्या बचत खात्यातून दिनांक अमुक रोजी पाच अठ्ठेचाळीस ते पाच बावन्न या वेळेत झालेले तीन व्यवहार मी केलेले नाहीत, कुणाला करायला सांगितलेले नाहीत आणि माझ्या खात्याची कोणतीही गुप्त माहिती कुणाला दिलेली नाही. याची सूचना रविवारी सायंकाळी सात वाजता टोल फ्री क्रमांकावर दिली आहे, तक्रार क्रमांक अमुक. १९३० वरचा पोचक्रमांक अमुक. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रक्कम खात्यात परत जमा करावी आणि व्यवहार ज्या यंत्रावरून झाले त्याचं ठिकाण व चालकाचा तपशील द्यावा."

दोन प्रती, दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. त्या मुलाला शिक्का मारायला जिवावर आलं, पण मारला. कुठं शिक्का मिळालाच नाही तर तोच मजकूर शाखेच्या ईमेलवर धाडा, तिथं वेळ आपोआप नोंदली जाते.

शेवटची ओळ अर्जात का हवी, ते सांगतो. अंगठ्याचे पैसे एखाद्या बँक मित्राच्या किंवा दुकानदाराच्या छोट्या यंत्रावर निघतात आणि प्रत्येक यंत्राची नोंद असते. मावशींचे व्यवहार परराज्यातल्या यंत्रावर झालेले निघाले. आता मावशी त्या वेळी कुठं होत्या? मावशी रोज दोन वेळा गावच्या दूध संकलन केंद्रावर दूध घालतात. केंद्राची पावती यंत्रातून निघते, त्यावर लिटर, फॅट, दर आणि वेळ असते. शुक्रवारची संध्याकाळची पावती सहा वाजून पाच मिनिटांची होती. पाच बावन्नला परराज्यात अंगठा आणि तेरा मिनिटांनी इथं साताऱ्यात दूध. ती पावती मावशींनी पंधरवड्याच्या हिशोबासाठी खिळ्याला टोचून ठेवलेली होती. तिची झेरॉक्स अर्जाला जोडली. दुकानातलं बिल, एसटीचं तिकीट, दवाखान्याचा केसपेपर, कामाचं हजेरीपत्रक, असं काहीही चालतं. त्या दिवसाचे कागद फेकू नका, पुसट होणारी पावती असेल तर लगेच फोटो काढून ठेवा.

तक्रार दिल्यावर कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेनं ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, आणि तारीख व्यवहाराच्या दिवसाची लावायची, म्हणजे व्याज बुडत नाही. विम्याचा दावा सुटेपर्यंत थांबतो, असं बँकेला म्हणता येत नाही. तक्रारीचा दिवस खिडकीवरचा सोमवार मानून तो वगळला तरी मावशींचा दहावा दिवस पुढच्या आठवड्यातला शुक्रवार होता. गुरुवारी सत्तावीस हजार पाचशे जमा दिसले. भाच्यानं आनंदानं फोन केला, तेव्हा त्याला थांबवावं लागलं. ही जमा म्हणजे निकाल नाही. चौकशी होईपर्यंत बँक ती रक्कम अडवून ठेवू शकते, आणि चूक ग्राहकाची ठरली तर परतही घेते. पक्का निकाल नव्वद दिवसांच्या आत लागायला हवा. नव्वद दिवसांत बँकेला काहीच ठरवता आलं नाही, तर नियमात सांगितल्याप्रमाणे भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. क्रेडिट कार्डाच्या प्रकरणात या काळातलं व्याज ग्राहकाच्या डोक्यावर बसत नाही, हेही बघून घ्या, कारण बिलात ते हळूच लागून आलेलं असू शकतं.

बँकेनं तक्रार फेटाळली किंवा तीस दिवस उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. वकील लागत नाही, फी नाही, cms.rbi.org.in वर अर्ज करायचा, अडचण आली तर १४४४८ वर फोन. तिथंही सगळ्यात आधी विचारतात ते हेच, की बँकेला कधी कळवलं आणि पोच कुठं आहे.

एक गोष्ट आमच्या भागासाठी. तुमचे पैसे नागरी सहकारी बँकेत असतील तर वर सांगितलेले नुकसानीचे नियम तुम्हालाही लागू आहेत. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती सहकार कायद्याखाली चालते, रिझर्व्ह बँकेच्या या नियमात ती येत नाही आणि लोकपालही तिच्याविरुद्धची तक्रार ऐकत नाही. पाटीवर कितीही मोठं नाव असलं तरी पासबुकवर 'बँक' आहे की 'पतसंस्था' हे एकदा नीट वाचा. आणि नियम बदलत असतात, म्हणून प्रत्यक्ष तक्रार करायच्या दिवशी तुमच्या बँकेच्या संकेतस्थळावरचं ग्राहक संरक्षणाचं धोरण उघडून आकडे पडताळून घ्या. ते तिथं ठेवणं बँकेला भाग आहे.

हे सगळं मेसेज मिळण्यावर अवलंबून आहे, पण मोबाइल क्रमांक बदलला की लोक गॅसवाल्याला सांगतात, नातेवाइकांना सांगतात, बँकेला मात्र महिनाभरानं. मेसेज जुन्या क्रमांकावर जात राहतो, तो आता दुसऱ्याच कुणाच्या फोनवर वाजतो, आणि चोरी कळते ती पासबुक भरायला गेल्यावर. मग तुम्हाला सूचना मिळाली की नाही, यावरच वाद सुरू होतो, आणि त्या वादात नवा क्रमांक बँकेला न कळवणारा ग्राहक पडत्या बाजूला असतो. फोनचं नेटवर्क विनाकारण तासन्‌तास गायब झालं तर तीसुद्धा धोक्याची खूण समजा. तुमच्या नावाचं दुसरं सिम कुणीतरी काढलेलं असू शकतं, आणि मग तुमचे ओटीपी त्याला मिळत असतात.

मावशींचा निकाल एकाहत्तराव्या दिवशी लागला, रक्कम कायम झाली. मधल्या काळात भाच्यानं आधारचं बायोमेट्रिक कुलूप लावून दिलं. त्यामुळे पुढच्या महिन्यात रेशन दुकानात मावशींचा अंगठा यंत्र घेईना. मागं बारा जणांची रांग, दुकानदार वैतागलेला, आणि मावशी पुण्याला फोन लावून भाच्याला सांगत होत्या, "अरे, ते कुलूप दहा मिनिटं काढ बाबा, तांदूळ घेते आणि परत लाव."